प्री-बिड क्वेरी अशी कशी लिहावी की 'निविदा अटीनुसार' हे उत्तर येणार नाही? (पंप हाऊसचं टेंडर)

वागळेची_टेंडरवाली

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कंत्राटदाराकडे टेंडरचं बघते. आमचं काम मुख्यतः पंप, पॅनेल, पाइपिंग. आपल्याच पट्ट्यातल्या एका महापालिकेनं पावसाळी पाण्याच्या पंप हाऊसचं टेंडर काढलंय. कुठली ते विचारू नका, मला पुढेही तिथे जायचंय. काम असं: खाडीलगतच्या नाल्यावर 75 किलोवॉटचे चार पंप (तीन चालू, एक राखीव), पॅनेल, थोडं सिव्हिल, आणि पुढे पाच वर्षं चालवणं व देखभाल. प्री-बिड मीटिंग पुढच्या मंगळवारी आहे. प्रश्न शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ईमेलनं पोचले पाहिजेत, नंतरचे घेणार नाहीत.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी मी 14 प्रश्न पाठवले होते. त्यातल्या 12 प्रश्नांसमोर एकच ओळ आली, 'निविदा अटीनुसार'. त्या अटीच कळत नव्हत्या म्हणून तर विचारलं होतं!

या वेळी अडलेल्या जागा तीन.

पहिली: पहिल्या पानावर 'अंदाजित रक्कम 5,90,00,000'. आत बीओक्यूची, म्हणजे कामांच्या परिमाण-दर यादीची, बेरीज 5,00,00,000 आणि खाली 'जीएसटी वेगळा'. पात्रतेच्या कलमात 'अंदाजपत्रकीय रकमेच्या 40 टक्क्यांची तीन, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचं एक समान काम'. रक्कम यातली कुठली धरायची? 5 कोटी धरले तर 40 टक्के म्हणजे 2 कोटी, 5.90 धरले तर 2.36 कोटी. आमची तीन कामं 2.10, 2.18 आणि 2.25 ची, प्रमाणपत्रांवर जीएसटी वगळून. एका वाचनात आत, दुसऱ्यात थेट बाहेर.

दुसरी: एका कलमात 'परिचालनाचा सर्व खर्च ठेकेदाराने करावयाचा आहे'. चार पानं पुढे 'आवश्यक वीज महापालिका पुरवेल'. पुरवेल म्हणजे कनेक्शन देईल की बिलही भरेल?

तिसरी: बिड कपॅसिटी. सूत्र नेहमीचंच, A × N × 2 − B. A म्हणजे एका वर्षात केलेलं सर्वाधिक काम, B म्हणजे हातातली शिल्लक कामं, N म्हणजे कामाची मुदत, वर्षांत. पण मुदत 12 महिने की देखभालीची पाच वर्षं धरून सहा?

मी केलेला मसुदा:

'महोदय, उपरोक्त निविदेतील अंदाजपत्रकीय रकमेबाबत, विजेच्या खर्चाबाबत व N च्या मूल्याबाबत स्पष्टता नाही. तरी कृपया खुलासा करावा व स्थानिक लघुउद्योजकांना संधी मिळावी म्हणून पात्रतेच्या अटी शिथिल कराव्यात ही नम्र विनंती.'

आमचे साहेब म्हणाले, छान आहे, पाठव. मला मात्र वाटतंय की यालाही तेच उत्तर येणार.

कडक_कंत्राटी

ताई, एवढा त्रास कशाला? कायदा साधा आहे. कागद ज्यानं लिहिला, संदिग्धतेचा तोटा त्याचाच. दोन अर्थ निघत असतील तर ठेकेदाराच्या बाजूचा अर्थ लागतो. गप्प बसा, टेंडर भरा, बाहेर काढलं तर कोर्टात जा. प्रश्न विचारलात तर ते हमखास तुमच्या विरुद्ध खुलासा काढतील.

सोसायटी_सचिव_वाशी

आमच्या सोसायटीच्या रंगकामाला आम्हीपण टेंडर मागवलं होतं. एका पार्टीनं मचाणाचे पैसे वेगळे लावले, दुसऱ्यानं आत धरले, आणि जनरल बॉडीत नुसती भांडणं. शेवटी आम्ही सगळ्यांना एका खोलीत बसवून चहा पाजला आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तुम्हीही सगळ्या ठेकेदारांना फोन करून एकत्र या, म्हणजे एकच अर्थ ठरेल.

ऐरोली_अबोल

वाशीकर, सोसायटीत चालतं ते. सरकारी टेंडरमध्ये भरणाऱ्यांनी आधी एकत्र बसून ठरवलं तर त्याला रिंग म्हणतात. काळ्या यादीत जाल.

ताई, माझी शंका वेगळीच आहे. क्वेरी दिली की ऑफिसात सगळ्यांना कळतं कोण भरतंय. प्रतिस्पर्ध्यांनाही कळतं. आमच्या एका ओळखीच्यानं पात्रतेवर प्रश्न विचारला आणि समोरच्या पार्टीला आयताच सुगावा लागला की याची प्रमाणपत्रं तोकडी आहेत. मी तर प्रश्न विचारतच नाही.

नाना_कळवेवाले

महापालिकेत 31 वर्षं काढली, शेवटची सात निविदा कक्षात. 'निविदा अटीनुसार' हे मीही पुष्कळ लिहिलंय, त्यामुळे ते कधी लिहिलं जातं ते सांगू शकतो.

आधी कडकरावांचं. तुम्ही म्हणता तो नियम आहे, पण तो करार झाल्यावर, बिलाच्या भांडणात कामाला येतो. निविदेच्या टप्प्यावर, पात्र की अपात्र या वादात, कोर्ट उलट्या बाजूनं बघतं. नागपूर मेट्रोचं ॲफकॉन्स प्रकरण काढून वाचा, सर्वोच्च न्यायालय, 2016. चीनमधल्या एका रेल्वेमार्गाच्या कामाचा अनुभव मेट्रोचा धरायचा का, असा वाद होता. न्यायालय म्हणालं, निविदेचा कागद ज्यानं तयार केला त्यालाच त्यातल्या गरजा सगळ्यात चांगल्या कळतात. त्यानं लावलेला अर्थ दुष्ट हेतूचा किंवा अगदीच विपरीत नसेल तर आम्ही हात घालणार नाही, मग तो अर्थ आम्हाला पटो न पटो. तेव्हा गप्प बसून टेंडर भरायचं आणि मग कोर्टात जायचं हा सल्ला फार महागात पडेल. त्यातून समोरचा वकील पहिलंच विचारेल, प्री-बिड होती तेव्हा तुम्ही कुठे होता?

आता ताईंचा मसुदा. दोन चुका आहेत.

एक, तुम्ही 'स्पष्टता नाही' एवढंच म्हणालात. लिपिक ते कलम उघडतो, वाचतो. त्याला तर स्पष्ट दिसतं, कारण तो दहा वर्षं तेच कलम एका निविदेतून दुसऱ्या निविदेत चिकटवत आलाय. तो लिहितो, 'निविदा अटीनुसार', आणि त्याच्या परीनं खरंच लिहितो. दोन कलमं शेजारी ठेवून ती एकमेकांशी भांडतात हे तुम्ही दाखवलं नाहीत तर तो दुसरं कलम उघडणारच नाही.

दोन, खुलासा आणि सवलत एकाच वाक्यात मागितलीत. अट शिथिल करायची तर फाइल वरपर्यंत जाते, वित्त विभागाकडे जाते, कोणीतरी विचारतं की अमुक पार्टीसाठी करताय का. त्या भीतीपोटी खुलासासुद्धा बारगळतो. 'स्थानिक लघुउद्योजक' हे शब्द वाचले की मी पेनाचं टोपण लावून पत्र बाजूला ठेवत असे.

एक काम करा. ईएमडी, म्हणजे बयाण्याची रक्कम, किती मागितलीय आणि ती कशाच्या किती टक्के लिहिलीय, तेवढं सांगा.

वागळेची_टेंडरवाली

नाना, ईएमडी 5,00,000. कलमात 'अंदाजपत्रकीय रकमेच्या 1 टक्का' असं आहे.

अय्या. म्हणजे त्यांनी स्वतःच 5 कोटींवर काढलीय!

नाना_कळवेवाले

झालं की मग. तोच शब्द, 'अंदाजपत्रकीय रक्कम', त्यांनी ईएमडीच्या कलमात 5 कोटी या अर्थानं वापरलाय. 5.90 धरली असती तर ईएमडी 5,90,000 आली असती. तुमचा प्रश्न आता 'खुलासा करावा' असा राहत नाही. 'ईएमडीच्या कलमात या शब्दाचा अर्थ 5 कोटी होतो, तोच अर्थ पात्रतेच्या कलमातही घ्यावा का?' असा होतो. याला 'निविदा अटीनुसार' लिहायला गेलं तरी ते 5 कोटींच्याच बाजूनं पडतं. आणि नाही म्हणायचं तर त्यांना ईएमडी बदलावी लागेल. ते कोणी करत नाही.

ऐरोलीकरांची भीती खोटी नाही. उत्तरं पोर्टलवर टाकताना बहुतेक ठिकाणी नावं काढतात, पण मीटिंगमध्ये हजेरीच्या कागदावर सगळे सही करतात, तेव्हा लपत काहीच नाही. म्हणून पत्रात स्वतःचे आकडे घालायचेच नाहीत. 2.10 कुठेही येता कामा नये. '2.00 कोटी आणि 2.36 कोटी यांच्या दरम्यानच्या कामांची पात्रता या अर्थावर ठरते' एवढं पुरे. यात कोणाचाही पाय सापडत नाही.

सीए_मुलुंडपलीकडे

यात एक जोड देतो. समजा त्यांनी उत्तर दिलं की जीएसटीसह 5.90 धरा. मग लगेच पुढचा प्रश्न उठतो: जुन्या कामांची रक्कमही जीएसटीसह धरणार का? महापालिकेच्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टवर 18 जुलै 2022 पासून 18 टक्के लागतो, त्याआधी बहुतेक अशा कामांना 12 होता. 2021 चं 2.10 चं काम 12 टक्क्यांनी 2.35 होतं, म्हणजे 2.36 ला लाखभरानं कमी. तेच काम 2023 मध्ये झालं असतं तर 18 टक्क्यांनी 2.48 होऊन पास. ठेकेदाराचा अनुभव तोच, निकाल मात्र कराच्या दरावर. करासह तुलना का करू नये याला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. पण हे पत्रात घालू नका. मीटिंगमध्ये त्यांनी 5.90 चं नाव काढलं तरच बोला.

कडक_कंत्राटी

ॲफकॉन्सचं मान्य, नाना. पण ताई, जुन्या कामांना वर्षाला 10 टक्के वाढ धरता येते हो! सगळीकडे धरतात. 2021 चं 2.10 आजच्या भावानं आरामात तीनच्या आसपास जाईल. मग 2.36 ची चिंताच नको.

वागळेची_टेंडरवाली

कडकदादा, मी बघितलं. आमच्या टेंडरमध्ये ती वाढ फक्त A साठी आणि उलाढालीसाठी लिहिलीय. समान कामांच्या कलमात नाही. विचारू का, तिथेही द्या म्हणून?

नाना_कळवेवाले

नका विचारू. तिथे कागद गप्प आहे, संदिग्ध नाही. दोन ठिकाणी लिहिलं आणि तिसऱ्या ठिकाणी लिहिलं नाही, याचा अर्थ द्यायची नाही असाच होतो. ती सवलत झाली. मागायचीच तर वेगळ्या पत्रानं, वेगळ्या दिवशी.

नेरूळ_पंपवाला

मी अशी दोन पंप हाऊस चालवतो, म्हणून विजेवर लिहितो. तुम्हा मंडळींचं सगळं लक्ष पात्रतेवर आहे, खरा पैसा विजेत आहे.

तीन पंप म्हणजे 225 किलोवॉट. खाडीच्या तोंडाला फ्लॅप गेट असतं. भरती चढली की ते मिटतं, आणि मग नाल्याचं पाणी फक्त पंपानंच बाहेर जातं. भरती दर साडेबारा तासांच्या आसपास येते, म्हणजे दिवसातून दोनदा. प्रत्येक भरतीला गेट तीन-चार तास बंद. म्हणजे वाईट दिवशी आठेक तास पंपिंग. असे 100 दिवस धरा: 225 गुणिले 8 गुणिले 100, झाली 1,80,000 युनिट. युनिटला ढोबळ 10 रुपये धरले तर वर्षाला 18 लाख, पाच वर्षांत 90 लाख.

हे वरच्या अंगाचं आहे, कारण सगळे दिवस तिन्ही पंप लागत नाहीत. माझ्याकडे निम्म्यानं येतं. निम्मं धरलं तरी 45 लाख! शिवाय पंप बंद असले तरी डिमांड चार्ज बारा महिने लागतो, जानेवारीतसुद्धा. नवे लोक हा हमखास विसरतात. आणि एचटी कनेक्शनला 2020 पासून केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे कपॅसिटर पॅनेल नीट नसेल तर त्याच पाण्याला जास्त युनिट.

तुमच्या बीओक्यूत चालवणं-देखभालीला किती धरलेत?

वागळेची_टेंडरवाली

पाच वर्षांचे मिळून 1 कोटी. म्हणजे वर्षाला 20 लाख. माणसं चार ऑपरेटर, चार हेल्पर, तीन पाळ्यांत बारा महिने.

नेरूळ_पंपवाला

आठ माणसं, पीएफ-ईएसआय धरून महिना दीड लाखाच्या आत बसत नाहीत. म्हणजे वर्षाला 18 लाख नुसता पगार. उरले 2. त्यात ग्रीस, ग्लँड पॅकिंग, पॅनेलचे काँटॅक्टर. वीज त्यात कुठे बसणार? त्यांनी बिल धरलेलंच नाही. नानांनी ईएमडीवर जी युक्ती केली तीच इथेही चालेल: त्यांचंच अंदाजपत्रक त्यांना दाखवा.

आणि आणखी एक मागा. मागच्या तीन पावसाळ्यांची लॉगबुकं, जुने पंप किती तास चालले याची. जागेवर जुना डिझेल पंप असेलच, त्याची वही कुठेतरी खुंटीला टांगलेली असते. पहिल्यांदा मी साइट पाहायला गेलो होतो तेव्हा तीच वही चाळत बसलो होतो. मागे तिथल्या वॉचमननं रमीचा हिशेब लिहिला होता, पण पुढची पानं सोन्यासारखी होती.

ऐरोली_अबोल

पंपवाले, पण मग ताईंनी हा प्रश्न विचारायचाच कशाला? त्यांना कळलंय की वीज महापालिकेची. जे घाबरून वीज धरतील ते 90 लाखांनी वर जातील, ताई खाली राहतील. काम ताईंना. आपल्याला कळलेलं दुसऱ्याला फुकट का सांगायचं?

नेरूळ_पंपवाला

आणि काम मिळाल्यावर पहिल्या ऑगस्टमध्ये लेखापरीक्षणवाल्यानं 'सर्व खर्च ठेकेदाराने' या ओळीवर बोट ठेवलं तर? 18 लाखांची वसुली चालू बिलातून. माझ्या दोनांपैकी एका ठिकाणी असंच झालं, बिल माझ्या माथी मारलं. पुढे अर्धं परत मिळालं, पण त्याला 22 महिने लागले. तेवढ्यात मी घरचं सोनं ठेवून पगार केले. तुम्हाला कळलंय हे खरं, पण त्यांनी लिहून दिलेलं नाही.

नाना_कळवेवाले

ऐरोलीकरांचा मुद्दा धंद्याचा आहे, मी त्याला मूर्खपणा म्हणणार नाही. काही संदिग्धता खरंच सोडून द्याव्यात. खडीच्या वाहतुकीचं अंतर कुठून मोजायचं, असल्या पाच-दहा हजारांच्या गोष्टी. पण जिथे दोन अर्थांत कामाच्या किमतीचा सहावा हिस्सा आहे, तिथे पंपवाल्यांच्या बाजूनं मी.

आता तिसरा, N. ताई, हा प्रश्न जसा मांडलाय तसा विचारू नका. N सहा धरलं तर फार छोटी पार्टीही पात्र होईल, म्हणून कोणताही अधिकारी सहा म्हणणार नाही. आणि सहा धरलं तर B मध्येही सहा वर्षांतली हातातली कामं धरावी लागतील, नाहीतर सूत्रालाच अर्थ नाही. तुमची A आणि B किती? इथे नको, मला निरोपातून कळवा.

वागळेची_टेंडरवाली

नाना, इथेच सांगते, या टोपणनावामागे मला कोण ओळखतंय? A साडेतीन कोटी, B 2.40. N एक धरलं तर 7 वजा 2.40, म्हणजे 4.60. पाच कोटींच्या टेंडरला 40 लाख कमी.

नाना_कळवेवाले

मग खरा प्रश्न N चा नाहीच. 12 महिन्यांत तुम्ही जे करणार ते बांधणी-उभारणीचं काम, 4 कोटींचं. 1 कोटी देखभालीचे पुढच्या पाच वर्षांत. मुदत 12 महिन्यांची धरायची तर क्षमताही त्या 12 महिन्यांत होणाऱ्या 4 कोटींशीच ताडली पाहिजे. वरती 12 महिने आणि खाली पाच कोटी, हे जुळत नाही. असं विचारा. उत्तर मिळेलच असं नाही, कारण इथे ईएमडीसारखा पुरावा कागदात नाही. पण निदान प्रश्न खरा आहे.

वागळेची_टेंडरवाली

गुरुवारी रात्री बसून नवीन केलं. त्यांच्याच नमुन्यात, अनुक्रमांक, पान, कलम, मजकूर, प्रश्न. विजेचं इथे देते, बाकी दोन याच धर्तीवर.

'पान 41, कलम 7.4: "परिचालनाचा सर्व खर्च ठेकेदाराने करावयाचा आहे." पान 45, कलम 9.1: "आवश्यक वीज महापालिका पुरवेल." कलम 9.1 चे दोन अर्थ संभवतात. (अ) महापालिका वीजजोडणी देईल व मासिक बिल ठेकेदार भरेल. (ब) जोडणी व मासिक बिल दोन्ही महापालिकेकडे. तीन पंप, दिवसाला 8 तास, वर्षाला 100 दिवस या गृहीतावर दोन्ही अर्थांतील फरक पाच वर्षांत सुमारे 90 लाख होतो, त्यामुळे निविदाकारांचे दर तुलनायोग्य राहणार नाहीत. देखभालीच्या बाबीसाठी धरलेली वार्षिक 20 लाखांची रक्कम अट क्र. 7.2 मधील मनुष्यबळातच जवळजवळ संपते, यावरून (ब) अभिप्रेत असावे असे दिसते. (अ) की (ब) ते कळवावे व कलम 9.1 मध्ये त्यानुसार दुरुस्ती करावी. तसेच मागील तीन पावसाळ्यांतील पंपिंगच्या तासांची नोंद उपलब्ध करावी.'

'नम्र विनंती' एकदाच, शेवटी. स्थानिक लघुउद्योजक गेले. साहेब म्हणाले, फार उर्मट वाटतं. मी म्हटलं, नानांनी पास केलंय.

नाना_कळवेवाले

मी अजून पास केलं नव्हतं, पण करतो. 'दुरुस्ती करावी' हे दोन शब्द फार महत्त्वाचे. नुसतं 'कळवावे' म्हटलं की मीटिंगमध्ये तोंडी कळवतात आणि सगळे माना डोलावून बाहेर पडतात. तोंडी सांगितलेल्याची किंमत शून्य. सीएसडी, म्हणजे सगळ्यांसाठीचे लेखी खुलासे व दुरुस्त्या, म्हणून पोर्टलवर चढेल तेवढंच निविदेचा भाग.

'अभिप्रेत असावे' तेही बरं. अधिकाऱ्याला स्वतःची चूक कबूल करावी लागत नाही, तुम्ही त्याचा मूळ हेतूच ओळखला असं होतं.

सोसायटी_सचिव_वाशी

हे (अ) की (ब) मी आमच्या लिफ्टच्या एएमसीवाल्याला आजच पाठवतो. त्याच्या कागदात 'सुटे भाग वगळून सर्वसमावेशक' असं लिहिलंय.

वागळेची_टेंडरवाली

मंगळवारची मीटिंग झाली. अकरा पार्ट्या होत्या. आमचा कागद प्रोजेक्टरवर लावला आणि विजेच्या प्रश्नाला कार्यकारी अभियंत्यांनी शेजारच्या उपअभियंत्याकडे नुसतं बघितलं. बाकीच्यांपैकी दोघं पटापटा लिहून घेत होते, त्यांनी बहुतेक वीज धरलेली होती. ऐरोलीकर, तुम्ही म्हणालात ते डोळ्यांनी पाहिलं.

आज सीएसडी चढली. अंदाजपत्रकीय रक्कम म्हणजे जीएसटी वगळून 5 कोटी, असं स्वच्छ लिहिलंय. वीज: जोडणी व बिल महापालिकेकडे, 'तथापि ठेकेदाराच्या निष्काळजीपणामुळे वाढलेला वीजवापर वसूल केला जाईल'. लॉगबुक एकाच पावसाळ्याचं दिलंय. बीओक्यूची फाइल बदललीय आणि मुदत सात दिवसांनी वाढवून पुढच्या बुधवारपर्यंत.

आणि N? 'निविदा अटीनुसार'.

मीटिंगमध्ये तोंडी मात्र म्हणाले होते, 4 कोटींशीच बघू, काळजी करू नका.

नेरूळ_पंपवाला

'निष्काळजीपणामुळे वाढलेला' म्हणजे नवीन खड्डा. वाढलेला कशापेक्षा? पहिल्या महिन्यापासून केव्हीएएच आणि पंपाचे तास रोज लिहून उपअभियंत्याची सही घेत जा, नाहीतर पाच वर्षांनी कोणी काहीही म्हणेल.

कडक_कंत्राटी

तोंडी 4 कोटी म्हणालेत ना, मग भरा. साक्षीला दहा पार्ट्या होत्या.

नाना_कळवेवाले

त्या दहा पार्ट्या तुमची साक्ष देणार, कडकराव? त्यातलीच एखादी तुमच्यावर हरकत घेईल.

ताई, तांत्रिक छाननीला बसणारा माणूस वेगळाही असू शकतो. तो 4.60 आणि 5.00 बघेल आणि बाहेर ठेवेल. N वर आता काही होणार नाही, B कडे बघा. हातातलं 2.40 कोणत्या तारखेचं आहे? चालू कामांत मधल्या काळात बिलं निघाली असतील तर शिल्लक कमी झाली असेल. त्या-त्या ऑफिसकडून शिल्लक कामाचा ताजा दाखला घेतलात आणि B 2.00 वर आली, तर 7 वजा 2, बरोबर पाच. मग वादच नाही.

आणि सीएसडीचं प्रत्येक पान डिजिटल सही करून तांत्रिक लिफाफ्यात चढवायचं, हे विसरू नका. ती न जोडल्यामुळे बाहेर गेलेल्या पार्ट्या मी पाहिल्यात. बीओक्यूही नवीनच उतरवून घ्या, जुनी फाइल भरलेली असेल तर ती टाकून द्या.

वागळेची_टेंडरवाली

नाना, 2.40 मार्चअखेरचं होतं! त्यानंतर एका कामाचं 52 लाखांचं बिल पास झालंय. B 1.88 होते, क्षमता 5.12.

फक्त तो दाखला ज्यांच्या सहीनं मिळतो ते अभियंता रजेवर आहेत, सोमवारी येतात. बुधवारी दुपारी तीनला टेंडर बंद. सोमवारी सकाळी दहाला त्यांच्या दारात जाऊन बसते, टाइप केलेला दाखला हातात घेऊनच.